अटेंडन्स ॲपचं प्रपोजल: गाइडला पत्रात काय लिहायचं, प्लॅन किती खोल जायचा

प्रश्न: सर, मी बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी आणि माझा पार्टनर प्रोजेक्टसाठी अटेंडन्स ॲप करणार आहोत, क्यूआर स्कॅन केला की हजेरी लागेल असं. गाइड मॅडम म्हणाल्या, आधी पत्र आणि टेक्निकल प्लॅन लिहून द्या, मराठीत चालेल. मागच्या बॅचचं असंच प्रपोजल त्यांनी परत पाठवलं होतं. पत्रात नक्की काय लिहू?

उत्तर:

मागच्या बॅचचं प्रपोजल बहुतेक क्यूआरवरच अडलं असणार. अटेंडन्स ॲप म्हटलं की कुठल्याही गाइडचा पहिला प्रश्न प्रॉक्सीचा असतो आणि क्यूआरकडे त्याला उत्तर नाही. पहिल्या बाकावरचा मुलगा कोडचा फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि कँटीनमधले चौघे तिथूनच हजर होतात. कोड दर दहा सेकंदांनी बदलला तर व्हिडिओ कॉल लावतात. मग प्रपोजलमध्ये जीपीएस जोडलं जातं. पण स्लॅबखाली जीपीएस सहज दहा-वीस मीटर इकडेतिकडे होतं आणि मजला काही त्याला भरवशानं ओळखता येत नाही. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि कँटीन बरोबर त्याच्या खाली असेल, तर त्याच्या लेखी दोन्ही एकच.

त्यानंतर फिंगरप्रिंटची टूम निघते. इथे एक गोष्ट समजून घे. अँड्रॉइड तुझ्या ॲपला बोटाचा ठसा देतच नाही. 'या फोनमध्ये नोंदवलेल्या बोटांपैकी एक जुळलं' एवढंच सांगतं. ते बोट कुणाचं, हे ॲपला कळत नाही. म्हणजे मित्राचं बोट आपल्या फोनमध्ये नोंदवून फोन त्याच्याकडे दिला की झालं. चेहरा ओळखणं तांत्रिकदृष्ट्या जमेल, पण मग सगळ्या वर्गाचे चेहरे तुमच्या सर्व्हरवर साठवावे लागतील. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही जबाबदारी दोन विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावी असं मला वाटत नाही. त्यात पहिल्या वर्षातली काही मुलं अठराच्या आतली असतात, आणि त्यांच्या माहितीबद्दल कायदा आणखी कडक आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: विद्यार्थ्याचा फोन या प्रोजेक्टमधून पूर्ण काढून टाक. हजेरी शिक्षकाच्या फोनवर लागू दे. सगळे हजर धरून यादी उघडायची आणि गैरहजर रोल नंबरवर बोट ठेवायचं.

यावर मॅडम म्हणतील, 'मग यात नवीन काय?' तर तुझं सगळं पत्र या प्रश्नाच्या उत्तरावर उभं राहायला हवं. रोल कॉलला पाच-सात मिनिटं जातात हे खरं, पण शिक्षक खरे रडकुंडीला येतात ते महिनाअखेरीला. प्रत्येक विषयाचं मस्टर वेगळं, प्रॅक्टिकलच्या बॅचेस वेगळ्या. क्लास टीचर ते सगळं एक्सेलमध्ये उतरवतात, ७५ टक्क्यांखालचे शोधतात आणि डिफॉल्टर लिस्ट बोर्डावर लागते. दुसऱ्या दिवशी केबिनबाहेर रांग: 'सर, मी एनसीसी कॅम्पला होतो', 'मॅडम, माझं ॲडमिशनच उशिरा झालं', 'आमच्या बॅचची प्रॅक्टिकलं झालीच नाहीत'. यातली बरीच पोरं खरं बोलत असतात, कारण यादी चुकलेली असते. ती चूक बहुतेक वेळा भागाकाराच्या छेदात असते. म्हणजे विद्यार्थी किती तास बसला हे बरोबर मोजलेलं असतं, पण त्याच्यासाठी एकूण किती तास धरायचे हे चुकतं. तुमचं ॲप हा छेद बरोबर काढणार आहे, असं पत्रात लिही.

पत्राला बसण्याआधी एक काम कर. पुढची डिफॉल्टर लिस्ट तयार होताना क्लास टीचरशेजारी बसायची परवानगी माग. घड्याळ लावून वेळ मोज, आणि लिस्ट लागल्यावर किती नावं मागे घ्यावी लागली ते लिहून ठेव. खालच्या नमुन्यात रिकाम्या जागा आहेत त्या या आकड्यांसाठी. अंदाजानं भरू नकोस, मॅडम स्वतः ती लिस्ट करतात.

---

प्रति,
मा. प्रकल्प मार्गदर्शक मॅडम,
संगणकशास्त्र विभाग

विषय: अंतिम वर्ष प्रकल्पासाठी हजेरी व डिफॉल्टर लिस्ट ॲपचा प्रस्ताव

महोदया,

आम्ही दोघे अंतिम वर्षाचे विद्यार्थी आपल्या मार्गदर्शनाखाली वरील विषयावर प्रकल्प करू इच्छितो. प्रस्ताव लिहिण्याआधी आम्ही आपल्या विभागाच्या ____ महिन्याच्या डिफॉल्टर लिस्टचं काम जवळून पाहिलं. एका वर्गाची लिस्ट करायला ____ तास लागले. लिस्टमधली ____ नावं नंतर काढावी लागली. त्यांपैकी ____ उशिरा प्रवेश घेतलेल्यांची, ____ बॅच बदललेल्यांची आणि ____ ड्युटी लीव्हवर असलेल्यांची होती.

आमचा प्रकल्प ही यादी बिनचूक आणि त्याच दिवशी मिळावी यासाठी आहे. शिक्षक आपल्या फोनवर गैरहजर विद्यार्थी नोंदवतील. इंटरनेट नसलं तरी नोंद होईल आणि नंतर आपोआप सर्व्हरवर जाईल. प्रत्येक विद्यार्थ्याची टक्केवारी त्याच्या प्रवेशाची तारीख, बॅच आणि ड्युटी लीव्ह लक्षात घेऊन निघेल. ऑफिसला लागणारी यादी एक्सेलमध्ये उघडता येईल.

विद्यार्थ्यांच्या फोनवरून हजेरी, लोकेशन, चेहरा किंवा बोटांचे ठसे यांचा वापर आम्ही जाणूनबुजून टाळला आहे. त्याची कारणं सोबतच्या प्लॅनमध्ये दिली आहेत. प्रॉक्सी कुणी लावली हे आमचं ॲप सांगू शकणार नाही. प्रॉक्सी लागली आहे एवढं मात्र ते तासातच दाखवेल.

सहामाहीच्या शेवटी तीन आठवडे, एका वर्गात, दोन विषयांसाठी कागदी मस्टर आणि ॲप दोन्ही एकाच वेळी चालवून प्रत्येक नोंद ताडून पाहण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी आपली आणि विभागप्रमुखांची परवानगी हवी आहे. चाचणीत विद्यार्थ्यांची नावं न वापरता फक्त रोल नंबर वापरू.

दोन गोष्टींवर विभागाचा लेखी निर्णय मिळावा ही विनंती: ड्युटी लीव्हचे तास कसे धरायचे, आणि ७५ टक्के पूर्णांकात धरायचे की काटेकोर. तांत्रिक आराखडा सोबत जोडला आहे.

आपले नम्र,
(दोघांची नावं, रोल नंबर, तारीख)

---

पत्र एवढंच. ते एका पानात बसवा आणि 'आजच्या डिजिटल युगात' छापाची सुरुवात टाळा. 'प्रॉक्सी कुणी लावली हे सांगू शकणार नाही' हे वाक्य काढून टाकावंसं वाटेल, पण ते राहू दे. ते नसलं तर एक्स्टर्नल व्हायवात तेच विचारणार आणि तिथे तुझी गाळण उडेल.

आता प्लॅन. मॅडमना स्क्रीनच्या चित्रांपेक्षा टेबलं बघायची असतील. विद्यार्थी, विषय, तास आणि हजेरी ही चार टेबलं सगळेच काढतात. तुमच्याकडे पाचवं हवं, ते म्हणजे नोंदणीचं: कोणता विद्यार्थी, कोणत्या विषयाला, कोणत्या बॅचमध्ये, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. बॅच बदलली की जुनी ओळ आदल्या दिवशीच्या तारखेनं बंद करायची आणि नवी त्या दिवसापासून उघडायची, नाहीतर त्या दिवसाचा थिअरीचा तास दोनदा मोजला जाईल. जुनी ओळ खोडून तिच्यावरच नवी बॅच लिहिली, तर आधीची सगळी प्रॅक्टिकलं चुकीच्या बॅचवर मोजली जातील.

हे टेबल का लागतं ते एका उदाहरणात दाखव. समज, डेटाबेसचे ४० तास झाले. एका मुलीचा प्रवेश पहिले १० तास झाल्यावर झाला आणि ती २४ तासांना हजर होती. एक्सेलमध्ये २४ भागिले ४०, म्हणजे ६० टक्के, नाव बोर्डावर. खरा छेद ३० आहे आणि तिची हजेरी ८० टक्के आहे. प्रॅक्टिकलचंही तसंच. पहिल्या बॅचची १० प्रॅक्टिकलं झाली आणि तिसऱ्या बॅचचा वार सुट्ट्यांत गेल्यामुळे तिची ७च झाली. तिसऱ्या बॅचमधला ७ पैकी ६ वेळा आलेला मुलगा १० च्या छेदावर ६० टक्क्यांना येतो, आणि त्याच्या खऱ्या छेदावर ८५ च्या वर जातो.

हिशेबाची मुख्य क्वेरी प्लॅनमध्ये अशी लिहून दे (पोस्टग्रेससाठी):

```sql
SELECT e.student_id,
       COUNT(*) AS held,
       COUNT(*) FILTER (WHERE a.status = 'P') AS present,
       COUNT(*) FILTER (WHERE a.status = 'D') AS duty
FROM enrolment e
JOIN session s
  ON  s.subject_id = e.subject_id
  AND s.batch IN ('ALL', e.batch)
  AND s.held_on >= e.from_date
  AND (e.to_date IS NULL OR s.held_on <= e.to_date)
LEFT JOIN attendance a
  ON  a.session_id = s.id
  AND a.student_id = e.student_id
WHERE e.subject_id = 3
GROUP BY e.student_id;
```

यात `duty` वेगळं का मोजलंय, ते पत्रातल्या विनंतीशी जोडलेलं आहे. एका मुलाचे ३० तास झाले, १९ ला तो हजर होता आणि ४ तास कॅम्पमध्ये होता. ड्युटी लीव्ह हजर धरली तर ३० पैकी २३, म्हणजे ७६.७ टक्के, पोरगा सुटला. ते चार तास छेदातूनच वगळले तर २६ पैकी १९, म्हणजे ७३ टक्के, पोरगा अडकला. दोन्ही पद्धती समंजस वाटतात, पण कुठली घ्यायची हे ठरवणारा प्रोग्रामर कोण? म्हणून निर्णय विभागाकडून लेखी घ्यायचा. ७५ चंही तेच. ५९ पैकी ४४ तास म्हणजे ७४.५८ टक्के. स्क्रीनवर पूर्णांकात ७५ दिसेल आणि यादीत मात्र नाव असेल, की लगेच भांडण. यावर सोपा उपाय असा की तुलनेसाठी भागाकार करायचाच नाही, `present * 100 >= held * 75` असं तपासायचं. ड्युटी हजर धरायचं ठरलं तर डाव्या बाजूला `present` च्या जागी `(present + duty)` घ्यायचं. टक्केवारी दाखवताना `100.0 * present / held` लिही, नाहीतर पोस्टग्रेस दोन पूर्णांकांचा भागाकारही पूर्णांकातच देतं आणि `present / held` ची किंमत जवळजवळ सगळ्यांना शून्य येते. हे दरवर्षी कुणीतरी डेमोच्या आदल्या रात्री शोधून काढतं.

प्रॉक्सीसाठी प्लॅनमध्ये एकच युक्ती ठेव: डोकी मोजणं. गैरहजर नोंदवून झाल्यावर, सेव्ह करण्याआधी ॲप विचारतं, 'वर्गात किती जण आहेत?' शिक्षक एकदा बाकांवरून नजर फिरवून आकडा टाकतात. ॲपच्या हिशेबानं ५१ हजर आणि डोकी ४८ असतील, तर तीन आवाज उसने आहेत. मग शिक्षकांनी ठरवायचं, पुन्हा नंबर घ्यायचे की रोल नंबरप्रमाणे उभं करायचं. यात एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. डोक्यांचा आकडा टाकेपर्यंत ॲपनं आपला आकडा दाखवायचा नाही. समोर ५१ दिसत असेल तर दमलेला माणूस ५१ च टाकणार. याच तपासणीनं दुसरा धोकाही सांभाळला जातो. यादी 'सगळे हजर' धरून उघडते, त्यामुळे चुकून लगेच सेव्ह दाबलं तर रिकामा वर्गही भरलेला दिसेल. आकडे जुळले नाहीत की ती चूक तिथेच पकडली जाते.

इंटरनेटचा भाग मुलं 'ऑफलाइन सपोर्ट असेल' या तीन शब्दांत उरकतात. मॅडम इथेच खोदतील, कारण तळमजल्यावरच्या लॅबमध्ये रेंज नसते हे त्यांना माहीत आहे. प्रसंग असा मांड. शिक्षकांनी तास सेव्ह केला, फोननं तो सर्व्हरला पाठवला, सर्व्हरनं लिहून घेतला, पण 'मिळालं' हे उत्तर परत येताना रेंज गेली. फोनला वाटलं पोचलंच नाही, त्यानं पुन्हा पाठवला. आता सर्व्हरवर एकाच तासाचे दोन तास झाले आणि सबंध वर्गाचा छेद एकानं वाढला. कुणाला पत्ताही लागत नाही. टक्के एक-दीडनं सरकतात आणि काठावरची पोरं इकडची तिकडे होतात.

उपाय असा की तासाचा ओळखक्रमांक सर्व्हरनं द्यायचा नाही. तास सुरू करतानाच फोननं यूयूआयडी तयार करायचा आणि कितीही वेळा पाठवलं तरी तोच पाठवायचा. सर्व्हरवर हजेरी अशी लिहायची:

```sql
INSERT INTO attendance (session_id, student_id, status)
VALUES ($1, $2, $3)
ON CONFLICT (session_id, student_id)
DO UPDATE SET status = EXCLUDED.status;
```

यासाठी `session_id` आणि `student_id` मिळून हजेरीच्या टेबलाची प्रायमरी की करायला हवी. `session` टेबलातही त्या यूयूआयडीवर हाच नियम हवा. शिवाय तास बदलून घेतला असेल आणि दोन शिक्षकांनी एकच तास आपापल्या फोनवर उघडला, तर यूयूआयडी वेगळे असतील. त्यासाठी विषय, बॅच, तारीख आणि तासिका या चौघांवर युनिक बंधन घाल. थिअरीसाठी बॅचचा रकाना `NULL` ठेवायचा मोह होईल, तो टाळ. युनिक बंधन तपासताना पोस्टग्रेस एक `NULL` दुसऱ्यासारखा मानत नाही, त्यामुळे थिअरीच्या तासांना ते बंधन लागूच होत नाही. वरच्या क्वेरीत `'ALL'` लिहिलंय ते यासाठीच.

फोनकडून पाठवण्याचं काम अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरवर सोपव, नेटवर्क आलं की पाठव अशी अट घालून. पण त्याच्यावरच विसंबू नकोस. बॅटरी वाचवण्याच्या नादात काही कंपन्यांचे फोन मागची कामं बिनदिक्कत मारतात. म्हणून ॲप उघडलं की पुन्हा पाठवायचा प्रयत्न व्हायला हवा आणि वर ठळक दिसायला हवं: '२ तास पाठवायचे बाकी'. डिफॉल्टर लिस्टच्या पानावरही प्रत्येक विषयाचा शेवटचा मिळालेला तास कोणता, त्याची तारीख दाखव. नाहीतर कुणाच्या तरी फोनमध्ये अडकलेले चार तास वगळूनच यादी छापली जाईल.

ॲप फ्लटरमध्ये की कोटलिनमध्ये, हा वाद पत्रात नको. ज्यात दोघांचा हात बसलाय ते घ्या. फोनवर एसक्यूलाइट, सर्व्हरवर पोस्टग्रेस. फायरस्टोअर घ्यायचा विचार असेल तर एवढं बघ की त्याच्या साध्या क्वेरीत जॉइन नाही, आणि तुमचा प्रोजेक्ट म्हणजे वरचा जॉइनच आहे. यादी सीएसव्हीमध्ये देणार असाल आणि नावं मराठीत असतील, तर फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची बॉम खूण टाका. ती नसली तर एक्सेलमध्ये नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं उघडतात आणि ऑफिसातले लोक फाइल तिथेच बंद करतात.

दुरुस्तीची सोय द्यावीच लागेल, पण जुनी नोंद पुसून नाही. कुणी, कधी, कशाचं काय केलं हे वेगळ्या टेबलात उतरू दे. दोन दिवसांपर्यंत शिक्षक स्वतः बदलतील, त्यानंतर विभागप्रमुखांच्या लॉगिनमधूनच. ही मुदतही विभागाला विचारून ठरवा.

राहिली चाचणी. आठवड्याला चार तास धरले तर दोन विषयांचे तीन आठवड्यांत २४ तास होतात. ६४ मुलांच्या वर्गात त्या १,५३६ नोंदी झाल्या. चाचणी संपल्यावर मस्टर आणि ॲप शेजारी ठेवून प्रत्येक नोंद जुळवा. न जुळणाऱ्या नोंदींची यादी करून प्रत्येकीपुढे लिहा, चूक कागदाची की ॲपची, आणि कशामुळे. काही ठिकाणी मस्टरच चुकलेलं निघेल. ते शिक्षकांना आधी एकट्यात दाखवा, थेट रिपोर्टात छापू नका. आणि मागच्या एखाद्या सहामाहीची मस्टर मिळाली तर ती चाचणीच्याही आधी ॲपमध्ये भरून बघा. उशिरा प्रवेश, बदललेल्या बॅचेस, ड्युटी लीव्ह हे सगळं त्यात आयतं सापडतं आणि त्या वेळची लिस्ट ताडायला हाताशी असते.

पत्र देताना प्लॅनची दोन-तीन पानं, टेबलांची आकृती आणि क्लास टीचरशेजारी बसून केलेल्या टिपणाची प्रत जोड. परवानगीच्या अर्जावर विभागप्रमुखांची सही लागेल, तेव्हा तो पत्रासोबतच वेगळ्या कागदावर तयार ठेव, म्हणजे मॅडमना तो त्याच दिवशी पुढे पाठवता येईल.